कायदा न्यायालयात कधी टिकतो, कधी पडतो?
डान्सबारबंदीच्या खटल्यांतून न्यायालयीन पुनर्विलोकनाची ओळख

विधिमंडळाने केलेला कायदा राज्यघटनेशी सुसंगत आहे की नाही, हे तपासण्याच्या न्यायालयाच्या अधिकाराला न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात. कायदा राज्यघटनेत बसत नसेल तर न्यायालय तो घटनाबाह्य ठरवते आणि त्याचा अंमल थांबतो. तो बहुमताने मंजूर झाला की एकमताने, याने त्यात फरक पडत नाही. महाराष्ट्रातील डान्सबारबंदीचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला होता. तरीही आधी मुंबई उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. विधिमंडळाने त्यानंतर आणखी दोनदा कायदा केला आणि दोन्ही वेळा तो पुन्हा न्यायालयात गेला. 2005 ते 2019 या चौदा वर्षांच्या वादात न्यायालय काय तपासते, काय तपासत नाही आणि निकालानंतर विधिमंडळाच्या हातात काय उरते, हे टप्प्याटप्प्याने दिसते.

अधिकार कुठून येतो

भारतात संसद आणि राज्यांची विधिमंडळे स्वयंभू नाहीत. त्यांना कायदे करण्याचा अधिकार राज्यघटनेने दिला आहे आणि त्या अधिकाराच्या मर्यादाही तिनेच आखल्या आहेत. पहिली मर्यादा विषयांची आहे. सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्यांची आणि समवर्ती अशा तीन सूची आहेत. केंद्राच्या सूचीतील विषयावर राज्याने कायदा केला, तर मूळ अधिकारच नसल्यामुळे तो टिकत नाही. दुसरी मर्यादा मूलभूत हक्कांची आहे. अनुच्छेद 13 नुसार राज्यसंस्थेला मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा करता येत नाही. केलाच, तर तो जेवढा हक्कांच्या आड येतो तेवढा शून्यवत ठरतो. ‘जेवढा’ आणि ‘तेवढा’ या शब्दांचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

या मर्यादा ओलांडल्या गेल्याची तक्रार अनुच्छेद 226 नुसार उच्च न्यायालयात करता येते. मूलभूत हक्काचा प्रश्न असेल तर अनुच्छेद 32 नुसार थेट सर्वोच्च न्यायालयातही जाता येते. कायदा मंजूर झाला म्हणून न्यायालय आपणहून तो तपासायला घेत नाही. सर्वसाधारणपणे कायद्याची झळ बसलेल्या कोणीतरी रिट याचिका दाखल करावी लागते. मग सरकारला नोटीस जाते, सरकार प्रतिज्ञापत्रावर आपली बाजू मांडते आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद होतात. न्यायालय सुरुवातीला कायदा वैध आहे असेच धरून चालते. तो घटनाबाह्य असल्याचे दाखवण्याची जबाबदारी याचिकाकर्त्यावर असते. मात्र कायद्यामुळे एखाद्या मूलभूत हक्कावर थेट गदा येते एवढे त्याने दाखवले, की त्या निर्बंधाचे समर्थन करण्याची जबाबदारी सरकारवर येते.

कायदा काय होता

मुंबई आणि परिसरातील अनेक परमिट रूममध्ये हिंदी चित्रपटगीतांवर मुली नृत्य करत आणि ग्राहक त्यांच्यावर नोटा उधळत. अशा ठिकाणी अश्लीलता चालते, स्त्रियांचे शोषण होते, अल्पवयीन मुलींना आणले जाते आणि गुन्हेगारीला आश्रय मिळतो, असे राज्य सरकारचे म्हणणे होते. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीसाठी पुढाकार घेतला. जुलै 2005 मध्ये विधिमंडळाने मुंबई पोलीस अधिनियम, 1951 मध्ये दुरुस्ती केली आणि ऑगस्टमध्ये ती अमलात आली.

दुरुस्तीने अधिनियमात दोन नवी कलमे आली. कलम 33अ नुसार उपाहारगृह, परमिट रूम किंवा बिअर बारमध्ये कोणत्याही प्रकारचे नृत्य करण्यास बंदी घालण्यात आली. बंदी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. कलम 33ब ने काही ठिकाणांना या बंदीतून सूट दिली. नाट्यगृहे आणि सभागृहे, फक्त सभासदांना प्रवेश देणारे क्रीडा क्लब व जिमखाने, तसेच तीन तारांकित आणि त्यावरच्या दर्जाची हॉटेले यांत नृत्याला मुभा राहिली. साध्या बारमधला नाच गुन्हा ठरला आणि मोठ्या हॉटेलातला कायदेशीर राहिला.

हॉटेलचालकांची ‘आहार’ या नावाने ओळखली जाणारी इंडियन हॉटेल अँड रेस्टॉरंट्स असोसिएशन, बारबालांची संघटना आणि काही स्त्री संघटना उच्च न्यायालयात गेल्या. न्या. एफ. आय. रिबेलो आणि न्या. रोशन दळवी यांच्या खंडपीठाने 12 एप्रिल 2006 रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरवली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश अल्तमास कबीर आणि न्या. सुरिंदरसिंग निज्जर यांच्या खंडपीठाने 16 जुलै 2013 रोजी उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला.

पहिली कसोटी: फरक का केला?

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतील विषय आहेत. त्यामुळे राज्याला अशा विषयावर कायदा करण्याचा अधिकारच नव्हता, या कारणाने बंदी पडली नाही. ती पडली दोन मूलभूत हक्कांच्या कसोटीवर.

त्यांपैकी पहिला हक्क अनुच्छेद 14 मधील कायद्यापुढील समानतेचा. समानतेचा अर्थ सर्वांना एकच नियम असा होत नाही. कायदा लोकांचे गट पाडू शकतो आणि गटागटाला वेगळे नियम लावू शकतो. अवजड वाहनांना आणि दुचाकींना वेगळे नियम असतातच. मात्र असे वर्गीकरण टिकण्यासाठी दोन गोष्टी लागतात. दोन गटांतला फरक स्पष्ट आणि खरा असला पाहिजे, आणि त्या फरकाचा कायद्याच्या उद्देशाशी तर्कसंगत संबंध असला पाहिजे.

डान्सबारच्या कायद्याचा जाहीर उद्देश अश्लीलता आणि स्त्रियांचे शोषण रोखणे हा होता. साधा बार आणि तारांकित हॉटेल यांत फरक आहे, हे उघड आहे. तिथले दर, सोयी आणि ग्राहकांची ऐपत वेगळी असते. प्रश्न असा होता की या फरकाचा अश्लीलतेशी काय संबंध? तेच नृत्य गरिबाच्या बारमध्ये अश्लील आणि श्रीमंतांच्या हॉटेलात सभ्य कसे ठरते? साध्या बारमधले ग्राहक वेगळ्या प्रकारचे असतात आणि तिथे नृत्याचा परिणाम अधिक घातक होतो, असा युक्तिवाद सरकारने केला. न्यायालयाला तो मान्य झाला नाही. माणसाची नीतिमत्ता त्याच्या आर्थिक स्तरावरून ठरते, हेच गृहीतक त्या युक्तिवादाच्या मुळाशी होते आणि घटनेला ते चालत नाही. तारांकित हॉटेलातला नाच अश्लील असूच शकत नाही आणि साध्या बारमधला असतोच, असे म्हणायला आधार नव्हता. वर्गीकरणाचा उद्देशाशी धागा जुळला नाही आणि कायदा पहिल्या कसोटीवर पडला.

दुसरी कसोटी: एवढा कडक उपाय लागतो का?

दुसरा हक्क अनुच्छेद 19(1)(छ) मधला, म्हणजे कोणताही व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्याचा. हा हक्क अमर्याद नाही. सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असे त्याच अनुच्छेदात पुढे म्हटले आहे. म्हणून न्यायालयापुढे प्रश्न होता तो निर्बंध वाजवी आहे की नाही हा.

वाजवीपणा तपासताना न्यायालय काही प्रश्न क्रमाने विचारते. निर्बंधाचा हेतू योग्य आहे का? योजलेल्या उपायाने तो हेतू साधतो का? हक्काला कमी धक्का लावून तोच हेतू साधता आला असता का? आणि लोकांचे होणारे नुकसान मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने फार मोठे आहे का? यात संपूर्ण बंदी ही निर्बंधाची शेवटची पायरी असते. सौम्य उपाय अपुरे पडल्याचे दाखवल्याशिवाय त्या पायरीवर जाता येत नाही.

स्त्रियांची प्रतिष्ठा जपण्याचा हेतू योग्य आहे, याबद्दल वाद नव्हता. सरकारचे म्हणणे डळमळले ते तिसऱ्या प्रश्नापाशी. नृत्याच्या परवान्यांना आधीपासूनच नियम लागू होते. अश्लील वर्तन, अल्पवयीनांना कामाला लावणे, देहविक्रय आणि मानवी तस्करी यांविरुद्ध कायदे होते. ते नीट राबवूनही उपयोग झाला नाही, हे दाखवणारी पुरेशी सामग्री सरकारला मांडता आली नाही. सरकारने काही अहवालांचा आधार घेतला, तर याचिकाकर्त्यांनी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राचे अभ्यास पुढे ठेवले. केवळ नाच करणाऱ्या सगळ्या स्त्रिया बळजबरीने आणलेल्या असतात, असा निष्कर्ष त्या सामग्रीतून निघत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही सरकारच्या विरोधात गेले. बंदीमुळे 75,000 हून अधिक स्त्रियांचा रोजगार गेल्याचे आणि त्यांतल्या अनेकींवर देहविक्रयाची वेळ आल्याचे न्यायालयापुढे आले होते. शोषण थांबवण्यासाठी केलेला कायदाच स्त्रियांना अधिक शोषणाकडे ढकलत होता. रोगापेक्षा औषध वाईट, अशा अर्थाचा शेरा न्यायालयाने मारला.

डान्सबार चांगले की वाईट, यावर मात्र न्यायालयाने निवाडा दिलेला नाही. पुनर्विलोकनात कायद्याचे शहाणपण तपासले जात नाही. न्यायालयाला न पटणारे कारण असेल, तरी घटना परवानगी देत असेल तर कायदा टिकतो. कायदा स्तुत्य हेतूने केला असेल, तरी निवडलेला मार्ग घटनेबाहेरचा असेल तर तो पडतो.

मधली सात वर्षे

उच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालाने बंदी उठली, पण डान्सबार सुरू झाले नाहीत. राज्य सरकारच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि अंतिम निर्णय सात वर्षांनी आला. दोन न्यायालयांनी घटनाबाह्य ठरवलेला कायदा या संपूर्ण काळात प्रत्यक्षात लागूच होता. ज्यांची रोजीरोटी गेली, त्यांना 2013 च्या विजयाने ती वर्षे परत मिळाली नाहीत. कायदा रद्द झाला तरी तोवर झालेल्या नुकसानीची भरपाई आपोआप मिळत नाही, ही या उपायाची मोठी उणीव आहे. म्हणून याचिकाकर्ते अनेकदा सुरुवातीलाच अंतरिम स्थगिती मागतात. पण कायदा वैध असल्याचे गृहीतक असल्याने न्यायालये ती सहजासहजी देत नाहीत.

विधिमंडळाचे उत्तर

कायदा रद्द झाला की विधिमंडळाचे हात बांधले जात नाहीत. न्यायालयाचा निकाल अमान्य, एवढेच म्हणणारा कायदा करता येत नाही, कारण तो न्यायालयाच्या अधिकारात हस्तक्षेप ठरतो. पण न्यायालयाने दाखवलेला दोष काढून नव्याने कायदा करता येतो.

महाराष्ट्राने जून 2014 मध्ये नेमका हाच रस्ता धरला. सूट देणारे कलम काढून टाकले आणि बंदी तारांकित हॉटेलांसह सर्वांना लागू केली. आता भेदभाव उरला नाही, म्हणून अनुच्छेद 14 चा आक्षेप गेला. परंतु 2013 चा निकाल दोन पायांवर उभा होता आणि दुरुस्तीने त्यांपैकी एकच पाय काढला होता. संपूर्ण बंदी हा वाजवी निर्बंध नाही, हा दुसरा आक्षेप जिथल्या तिथे राहिला. उलट बंदी अधिक व्यापक झाली होती. 15 ऑक्टोबर 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नव्या बंदीला स्थगिती दिली. अश्लील नृत्य रोखण्याची मुभा मात्र परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना ठेवली.

एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळाने तिसरा मार्ग निवडला. यावेळी नृत्यावर बंदी नव्हती. अश्लील नृत्याला मनाई करणारा आणि इतर नृत्यासाठी परवाना व कडक अटी ठरवणारा स्वतंत्र कायदा झाला. त्यालाही आव्हान मिळाले. न्या. ए. के. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांच्या खंडपीठाने 17 जानेवारी 2019 रोजी निकाल दिला. कायदा सरसकट ठेवण्याऐवजी किंवा फेटाळण्याऐवजी न्यायालयाने एकेक अट उचलून तपासली.

संध्याकाळी साडेसहा-सातला नव्हे, तर सहापासून रात्री साडेअकरापर्यंतच नृत्याला परवानगी, ही वेळेची अट टिकली. अश्लील नृत्याची व्याख्या आणि त्यावरची शिक्षाही टिकली. नर्तिकांवर नोटा किंवा नाणी उधळण्यावरची मनाई वैध ठरली. शाळा आणि धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट मात्र रद्द झाली. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात ही अट पाळता येईल अशी जागा मिळणेच अवघड होते, म्हणजे अटीच्या आडून पुन्हा संपूर्ण बंदीच येत होती. नृत्याच्या ठिकाणी सीसीटीव्ही बसवण्याची सक्ती खासगीपणाच्या हक्कामुळे गेली. नृत्य चालू असेल तिथे मद्य देऊ नये, ही अटही रद्द झाली. परवाना मागणारा ‘चांगल्या चारित्र्याचा’ असावा, ही अट मोघम ठरली, कारण चारित्र्य कशावरून ठरवायचे हे कायद्यात सांगितलेले नव्हते. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला निकष टिकत नाही.

2005 नंतर एकही परवाना दिला गेला नसल्याची नोंदही न्यायालयाने या निकालात घेतली. कागदावर नियमन आणि प्रत्यक्षात बंदी, असा प्रकार ओळखण्याची ही सोपी खूण आहे. अटी कितीही साध्या दिसल्या, तरी त्या पाळून एकालाही परवाना मिळत नसेल, तर न्यायालय अटींच्या शब्दांपलीकडे त्यांचा परिणाम पाहते.

जेवढा दोष तेवढेच रद्द

2019 मध्ये काही अटी गेल्या आणि काही टिकल्या, याचे कारण अनुच्छेद 13 मधील ‘जेवढा–तेवढा’ या शब्दांत आहे. दोषी भाग वेगळा काढता येत असेल आणि उरलेला कायदा स्वतःच्या बळावर चालू शकत असेल, तर न्यायालय फक्त दोषी भाग काढते. दोन्ही भाग इतके गुंतलेले असतील की एकाशिवाय दुसऱ्याला अर्थच उरत नाही, तर सगळाच कायदा पडतो. हा नियम मुंबईतल्याच एका जुन्या प्रकरणात स्पष्ट दिसतो. मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 ला बलसारा यांनी आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये दारूबंदी बहुतांशी वैध ठरवली. मात्र अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्यावरही बंदी येत होती, तेवढा भाग रद्द केला. दारूबंदी चालू राहिली आणि औषधाची बाटली तिच्यातून सुटली.

काही वेळा एवढीही कापाकापी लागत नाही. कायद्याच्या शब्दांचे दोन अर्थ निघत असतील आणि त्यांतला एक घटनेत बसत असेल, तर न्यायालय तोच अर्थ स्वीकारून कायदा वाचवते. परंतु न्यायालयाला नवे कलम लिहिता येत नाही. रद्द झालेल्या एक किलोमीटरच्या अटीऐवजी किती अंतर असावे, हे ठरवणे विधिमंडळाचे काम आहे.

घटनादुरुस्ती केली तर?

निकालावर मात करण्यासाठी राज्यघटनाच बदलण्याचा एक मार्ग उरतो. घटना बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, विधिमंडळाला नाही. हा अधिकार कुठवर जातो, याचे उत्तर 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने दिले. संसद घटनेचा कोणताही भाग बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. पुढे 1980 च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात न्यायालयीन पुनर्विलोकन हेही या चौकटीचा भाग मानले गेले. त्यामुळे घटनादुरुस्तीही तपासली जाते. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आयोग स्थापन करणारी 99वी घटनादुरुस्ती 2015 मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने याच कारणाने रद्द झाली.

रद्द झाल्यावर काय होते

न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेले कलम कायद्याच्या पुस्तकातून आपोआप पुसले जात नाही. ते काढून टाकणारी दुरुस्ती विधिमंडळच करू शकते. तोवर कलम छापलेले राहते, पण त्याखाली कोणावर कारवाई करता येत नाही. सगळ्या पोलीस ठाण्यांपर्यंत ही गोष्ट पोचतेच असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. शेवटी 2022 मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश न्यायालयाला पुन्हा द्यावा लागला. अशा वेळी आरोपीच्या बचावासाठी रद्द करणारा निकाल पुरेसा असतो, पण तो निकाल कोणीतरी दाखवून द्यावा लागतो.